जाणीव सांगू नका, पडद्यावर दिसू द्या

तुमच्या कथेचा कच्चा खर्डा वाचला. विक्रेतीला ‘अचानक कळून चुकले’ की ग्राहक म्हणून आलेल्या काकांना मोबाइल डेटाच्या मोठ्या प्लॅनची गरज नाही, असे तुम्ही लिहिले आहे. नेमके तिथेच कथेने वाचकाला बाहेर ठेवले आहे. पहिल्या कथेत ही चूक बहुतेकांकडून होते, माझ्याकडूनही झाली होती.

तिला विक्रीसाठीच पुरावा शोधू द्या. काकांचा सध्याचा प्लॅन दिवसाला १ जीबीचा आहे. तो अपुरा पडतो हे दाखवण्यासाठी ती त्यांच्याच फोनवर वापराचा तपशील उघडते आणि २८ दिवसांत जेमतेम ४ जीबी खर्च झाल्याचे तिला दिसते. म्हणजे दिवसाला दीडशे एमबीच्या आत, तेही बहुधा संध्याकाळी मुलीला केलेल्या व्हिडिओ कॉलमुळे. आकडा फक्त तिलाच दिसतो, कारण काकांनी चष्मा घरी ठेवला आहे. आता बोलायचे की गप्प राहायचे, हा तिचा प्रश्न आहे, आणि तुमची कथा खरी इथे सुरू होते.

सध्या दोनच गोष्टी सांभाळा:

- काकांना बिचारे करू नका. त्यांना घासाघीस करू द्या, म्हणजे तिचा निर्णय दयेतून आलेला वाटणार नाही.
- तिचे नुकसान ठोस असू द्या. महिनाअखेर आहे आणि उद्दिष्टाला एकच विक्री कमी आहे, एवढे पुरे. दुष्ट व्यवस्थापक नको.

शेवटचा राजीनाम्याचा परिच्छेद काढून टाका. तिने फोन काकांच्या हातात परत दिला, तिथेच थांबा.