पोलादपूर ते महाबळेश्वर: सरळ अंतर आणि घाटरस्ता

प्रश्न: नकाशावर पोलादपूर-महाबळेश्वर सरळ रेषेत २० किमीच्या आसपास दिसतं, मग ॲप ४० किमी आणि सव्वा तासापेक्षा जास्त का दाखवतं? ही वेळ ते काढतं कशी?

उत्तर: कारण सरळ रेषा मधला डोंगर मोजत नाही; गाडीला मात्र आंबेनळी घाटातून सुमारे तेराशे मीटर चढायचं असतं. तो चढ गाडीला झेपावा म्हणून रस्ता डोंगराच्या कडेकडेने वळणं घेत नेलेला आहे, त्यामुळे लांबी जवळपास दुप्पट होते. शिवाय वळणांमुळे वेगही पडतो: ताशी ३० किमी धरला तर ४० किमीला ८० मिनिटं लागणारच.

ॲप रस्त्याचे छोटे तुकडे पाडतं आणि प्रत्येकाची लांबी भागिले तिथला वेग अशी वेळ काढून बेरीज करतं. वेग कळतो तो त्या रस्त्यावरच्या इतरांच्या मोबाइलवरून, आणि त्या वारी, त्या वेळेला तिथे एरवी गाड्या कशा चालतात या जुन्या नोंदींवरून. समजा, अर्ध्या किलोमीटरच्या तुकड्यात ट्रक अडकून वेग ताशी ५ किमीवर आला, तर एका मिनिटाचा तुकडा सहा मिनिटांचा होतो आणि पोहोचण्याची वेळ पाच मिनिटांनी पुढे जाते.

फक्त घाटात रेंज जाते आणि गाड्याही कमी असतात, तेव्हा अंदाज बराचसा जुन्या नोंदींवरच चालतो. पावसाळ्यात धुकं किंवा दरड असेल तर त्यावर विसंबू नका. चहाचा थांबाही त्यात धरलेला नसतो.