मूळ करार, दोन पुरवण्या आणि आजचं भाडं

प्रश्न: आमच्या ऑफिसच्या जागेचा २०२१ चा लिव्ह अँड लायसन्स करार आहे, त्यावर दोन पुरवण्या झाल्यात. आज लागू असलेल्या अटींचा तक्ता साहेबांनी मागितलाय. शेवटची पुरवणी बघून भरला तर चालेल का?

उत्तर:

नाही चालणार. पुरवणी फक्त बदललेलं सांगते. ‘बाकी अटी पूर्ववत’ या एका ओळीत उरलेला सगळा करार जिवंत असतो. मी कंपन्यांच्या जागांचे करार सांभाळतो, आणि भाड्याच्या चुका बहुतेक त्या ओळीकडे दुर्लक्ष झाल्यानेच झालेल्या पाहिल्यात.

एक उदाहरण घेऊ. मूळ करार १ एप्रिल २०२१ पासून पाच वर्षांचा. कलम ४.१ प्रमाणे भाडं ₹२,००,०००, कलम ४.२ प्रमाणे दर १ एप्रिलला आधीच्या भाड्यावर ५ टक्के वाढ. पहिल्या पुरवणीवर सह्या १० ऑगस्ट २०२२ च्या, पण अंमल १ जुलैपासून. तिने ४.१ बदलून भाडं ₹२,४०,००० केलं, ४.२ बद्दल ती गप्प. दुसरी पुरवणी १ एप्रिल २०२४ पासून वाढ ४ टक्क्यांवर आणते.

आता एकेक कलम धरून, अंमलाच्या तारखेच्या क्रमाने पुढे जा:

| कधीपासून | भाडं | आधार |
|---|---|---|
| १-४-२०२१ | ₹२,००,००० | मूळ ४.१ |
| १-४-२०२२ | ₹२,१०,००० | मूळ ४.२ |
| १-७-२०२२ | ₹२,४०,००० | पुरवणी १ |
| १-४-२०२३ | ₹२,५२,००० | मूळ ४.२ |
| १-४-२०२४ | ₹२,६२,०८० | पुरवणी २ |

चौथी ओळ नीट बघा. पहिली पुरवणी वाढीबद्दल बोलली नाही, म्हणून जुनं ४.२ तसंच चालू राहिलं. ही ओळ सुटली तर पुढचे सगळे आकडे चुकतात. सह्यांची आणि अंमलाची तारीखही वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा: जुलैचं भाडं जुन्या दराने गेलं असेल तर ₹३०,००० फरक देणं निघतो. तक्ता झाला की भाड्याच्या बिलांशी ताळा करा. पाचवी ओळ बिलाशी जुळली नाही, तर चूक तक्त्यात आहे की बिलात, हे ‘आधार’ रकाना पाहून लगेच कळतं.

पुरवणीतले कलम क्रमांक मात्र डोळे झाकून घेऊ नका. पहिल्या पुरवणीने एखादं कलम वगळून पुढची कलमं नव्याने क्रमांकित केली असतील, तर दुसरीतलं ‘कलम ९’ मूळ करारातलं नववं की नवं नववं, हे त्या वाक्याच्या मजकुरावरून ठरवावं लागतं. ठरत नसेल तर अंदाज न करता तो रकाना ‘अस्पष्ट’ म्हणून सोडा आणि वकिलांना विचारा.

जागामालकाने ‘नोटीस ९० ऐवजी ६० दिवसांची चालेल’ असा ईमेल पाठवला असेल, तर आधी मूळ करारातलं दुरुस्तीचं कलम वाचा. दोघांच्या सहीशिवाय बदल नाही असं त्यात असेल, तर तक्त्यात ९० दिवसच लिहा आणि ईमेल शेऱ्यात नोंदवा. महाराष्ट्रात असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, म्हणून प्रत्येक पुरवणीची नोंदणी झाली का, तेही त्याच शेऱ्यात टाका.