गिनी की जीनी, गुणांक की निर्देशांक?

प्रश्न: एका लेखात 'गिनी गुणांक ०.४' वाचलं, दुसऱ्यात 'जिनी निर्देशांक ४०'. दोन्ही एकच का? आणि व्याख्येत 'दोन वक्रांमधलं क्षेत्रफळ' म्हणतात, पण आकृतीत एकच वक्र दिसतो, दुसरी तर सरळ रेघ आहे. बरोबर शब्द कोणता?

एकच. उत्पन्न लोकांमध्ये किती विषम वाटलं गेलंय, याचं हे माप. ० ते १ या पट्टीवर मोजलं की गुणांक म्हणायचं आणि त्याला शंभराने गुणलं की निर्देशांक, असा साधारण रिवाज आहे. जागतिक बँकेच्या तक्त्यांत ० ते १०० ही पट्टी असते.

नावाचं म्हणाल तर 'जीनी' बरोबर. कोर्रादो जीनी हे इटालियन संख्याशास्त्रज्ञ, आणि इटालियनमध्ये त्या स्पेलिंगचा उच्चार 'ज'नेच होतो. 'गिनी' हे रोमन अक्षरं मराठी डोळ्यांनी वाचल्याचं फळ. त्यात आपल्याकडे गिनी म्हणजे सोन्याचं नाणं, आणि विषय उत्पन्नाचा! त्यामुळे हा नाण्यावरून पडलेला शब्द असावा, असं वाटणारे वाचक मला भेटले आहेत. तरी 'गिनी' इतकं रुळलंय की त्याला चूक म्हणत बसण्यात अर्थ नाही.

आता वक्र. मराठीत वक्र म्हणजे वाकडा, म्हणून सरळ रेघेला वक्र म्हणताना जीभ अडखळते. गणितात मात्र सरळ रेषा हाही वक्राचाच एक प्रकार. ही आकृती अमेरिकन अर्थतज्ज्ञ मॅक्स लॉरेन्झ यांनी १९०५ साली मांडली, तेव्हा त्यांनी उपमा दिली धनुष्याची: धनुष्य जितकं वाकेल तितकं केंद्रीकरण जास्त. ही उपमा मराठीला आयतीच मानवते. वाकलेला लॉरेन्झ वक्र म्हणजे धनुष्य आणि समान वाटणीची सरळ रेघ म्हणजे त्याची प्रत्यंचा.

माझा खरा आक्षेप आहे तो 'क्षेत्रफळ' या शब्दाला. पाच माणसं घ्या, त्यांची उत्पन्नं १, २, ३, ४ आणि १०. बेरीज २०. सर्वांत गरिबापासून सुरुवात करून वाटे जमवत गेलं, तर पहिल्याकडे ५ टक्के, पहिल्या दोघांकडे मिळून १५, तिघांकडे ३०, चौघांकडे ५० आणि पाचांकडे १००. आडव्या अक्षावर माणसांचा वाटा आणि उभ्या अक्षावर उत्पन्नाचा वाटा घेऊन शून्यापासून हे बिंदू जोडले की लॉरेन्झ वक्र तयार. त्याच्याखाली ०.२ रुंदीचे पाच पट्टे पडतात. पहिला त्रिकोण, बाकीचे समलंब चौकोन. प्रत्येकाची सरासरी उंची काढली तर ०.०२५, ०.१, ०.२२५, ०.४ आणि ०.७५ येते. त्यांची बेरीज १.५, गुणिले रुंदी ०.२, म्हणजे वक्राखालचं क्षेत्रफळ ०.३. सरळ रेघेखालचं ०.५. मधली फट ०.२.

पण गुणांक ०.२ नव्हे, ०.४! कारण ती फट रेघेखालच्या अख्ख्या त्रिकोणाशी ताडून बघायची असते: ०.२ भागिले ०.५. 'दोन वक्रांमधलं क्षेत्रफळ' एवढीच व्याख्या वाचून कुणी हिशेब केला, तर उत्तर नेमकं निम्मं येतं आणि ते कधीच ०.५च्या वर जात नाही. म्हणून खरा शब्द 'गुणोत्तर'. खुद्द जीनींनीही आपल्या मापाला 'संकेंद्रण गुणोत्तर' अशाच अर्थाचं नाव दिलं होतं. 'गुणांक' मी चालवून घेतो, कारण 'सहसंबंध गुणांक'सारख्या शब्दांमुळे त्याला संख्याशास्त्रात जागा आहे. व्याख्या देताना मात्र 'क्षेत्रफळांचं गुणोत्तर' म्हणावं.

हिशेब स्वतः करून बघणार असाल तर उत्पन्नं चढत्या क्रमाने लावायला विसरू नका. बरोबर काढलेल्या वक्राचा चढ पुढे पुढे तीव्रच होत जातो. मध्येच तो कमी झाला किंवा वक्र रेघेच्या वर गेला, तर क्रम चुकलाय असं खुशाल समजा.

दुसरी चूक इतकी सहज दिसत नाही. वरच्याच उदाहरणात खालच्या चौघांचा एकच गट केला आणि 'यांच्याकडे ५० टक्के' एवढंच नोंदवलं, तर वक्राचे दोनच सरळ तुकडे उरतात. त्याखालचं क्षेत्रफळ ०.३५ भरतं आणि गुणांक ०.४वरून ०.३वर येतो. कुणाच्या खिशात काहीच बदललेलं नसतं. गटाच्या आतली विषमता सरळ रेघेने पुसली, एवढंच. एकाने दहा गटांवरून काढलेला आकडा आणि दुसऱ्याने पाच गटांवरून काढलेला शेजारी ठेवला, तर दिसणाऱ्या फरकातला काही भाग निव्वळ गटांचा असू शकतो, मग त्याला गिनी म्हणा वा जीनी.