क्युबिक कर्व्ह: कंट्रोल पॉइंट, घातरूपाचे सहगुणक आणि हरवणारे अंक

प्रश्न: क्युबिक बेझिए कर्व्हचे चार कंट्रोल पॉइंट माझ्याकडे आहेत. त्यावरून a0 + a1·t + a2·t² + a3·t³ चे सहगुणक कसे काढायचे आणि उलट कसं यायचं? मी करून पाहिलं, पण t = 1 ला कर्व्ह शेवटच्या बिंदूवर नेमका पोचत नाही, थोडी फट राहते. सूत्र तर बरोबर आहे, मग असं का?

उत्तर:

सूत्र बरोबर असूनही ते कोणत्या क्रमाने मोजलं यावर बरंच अवलंबून असतं. पुस्तकात बहुतेक वेळा a3 = P3 − 3·P2 + 3·P1 − P0 असं दिलेलं असतं आणि लोक ते जसंच्या तसं टाइप करतात. त्याऐवजी आधी शेजारच्या बिंदूंमधले फरक काढा आणि पुढचं सगळं त्या फरकांवर करा. x आणि y साठी हेच वेगवेगळं करायचं.

```
d0 = P1 - P0;  d1 = P2 - P1;  d2 = P3 - P2
a0 = P0
a1 = 3*d0
a2 = 3*(d1 - d0)
a3 = (d2 - d1) - (d1 - d0)
```

उलट येताना:

```
P0 = a0
P1 = a0 + a1/3
P2 = a0 + (2*a1 + a2)/3
P3 = a0 + ((a1 + a2) + a3)
```

इथे 1/3 च्या जागी 0.333 लिहू नका. तेवढ्यानेच चौथ्या अंकापासून चूक शिरते.

क्रमाने काय फरक पडतो ते एका उदाहरणात पाहू. नकाशाच्या कामात येतात तसे मोठे आकडे घेऊ, ३२ बिटी फ्लोटमध्ये, फक्त x: १००००००, १०००००१.१८७५, १०००००२.०६२५ आणि १०००००३. हे चारही आकडे फ्लोटमध्ये तंतोतंत बसतात, कारण दहा लाखांच्या आसपास दोन लागोपाठच्या फ्लोटमधलं अंतर ०.०६२५ असतं. पण तीस लाखांच्या आसपास हेच अंतर ०.२५ होतं. 3·P1 खरं तर ३०००००३.५६२५ आहे आणि तो साठवला जातो ३०००००३.५ म्हणून. 3·P2 हा ३०००००६.१८७५ चा होतो ३०००००६.२५. पुढच्या बेरजा-वजाबाक्या अगदी अचूक होतात, पण त्या आधीच बिघडलेल्या आकड्यांच्या. a3 येतो ०.२५. खरा a3 आहे ०.३७५. एक तृतीयांश भाग गेला.

आता t = 1 ठेवा. a1 = ३.५६२५ आणि a2 = −०.९३७५ बरोबर आले तरी बेरीज १०००००२.८७५ होते. पुढचा तुकडा १०००००३ पासून सुरू होतो, म्हणून मध्ये ०.१२५ ची फट. तुम्हाला दिसते ती बहुधा हीच. फरकांच्या पद्धतीने d0 = १.१८७५, d1 = ०.८७५, d2 = ०.९३७५ हे सगळे अचूक येतात, कारण जवळजवळच्या दोन फ्लोटची वजाबाकी अचूक असते. मग a3 = ०.३७५ आणि शेवट नेमका १०००००३. (कंपायलरने गुणाकार आणि बेरीज एकत्र करून fma वापरलं, तर पहिल्या पद्धतीचं उत्तर थोडं वेगळं येईल. त्यावर भिस्त ठेवू नये.)

ही झाली रूपांतरातली चूक, ती टाळता येते. घातरूपाची दुसरी अडचण त्याच्या घडणीतच आहे. a0 म्हणजे t = 0 ची किंमत, a1 तिथला उतार, a2 तिथल्या दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचा अर्धा आणि a3 तिसऱ्याचा सहावा भाग. सगळी माहिती एकाच टोकाची. दुसऱ्या टोकाची किंमत मोठ्या धन-ऋण आकड्यांच्या काटाकाटीतूनच निघते. कंट्रोल पॉइंटच्या रूपात असं होत नाही. बर्नस्टाइन फलनं ० ते १ मध्ये कधीच ऋण नसतात आणि त्यांची बेरीज नेहमी १ असते, त्यामुळे प्रत्येक कंट्रोल पॉइंट ε ने हलवला तरी कर्व्ह ε पेक्षा जास्त हलू शकत नाही.

हे सर्वात स्वच्छ दिसतं ते (1−t)³ मध्ये. कंट्रोल किमती १, ०, ०, ०. सहगुणक १, −३, ३, −१. दोन्ही रूपं पूर्णपणे अचूक, रूपांतरात काहीच हरवलेलं नाही. तरी फ्लोटमध्ये ((−t+3)·t−3)·t+1 असं हॉर्नरच्या पद्धतीने t = 0.999 ला मोजून पाहा. खरी किंमत साधारण १०⁻⁹ आहे. शेवटच्या पायरीत १ च्या अगदी जवळचा एक ऋण आकडा १ मध्ये मिळवला जातो आणि १ च्या खालच्या फ्लोटमधलं अंतर सुमारे ६ × १०⁻⁸ असतं. त्यामुळे उत्तर एकतर शून्य येतं नाहीतर किमान ६ × १०⁻⁸, मधलं काही येऊच शकत नाही. एकही अंक खरा नाही. तेच s = 1−t काढून s·s·s केलं, तर त्याच t साठी जवळपास सातही अंक बरोबर मिळतात. म्हणूनच ० ते १ मधली मुळं शोधताना बर्नस्टाइन रूप घातरूपापेक्षा भरवशाचं ठरतं. फारुकी आणि राजन यांनी १९८७ मध्ये हे सिद्ध करून दाखवलं.

क्युबिकपुरतं नुकसान आटोक्यात असतं. रूपांतराच्या मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर (ओळीतल्या निरपेक्ष किमतींच्या बेरजेने मोजलेला) ४८ येतो: जाताना १२, येताना ४. म्हणजे वाईटात वाईट स्थितीत पावणेदोन अंक गेले. दहाव्या घातापर्यंत हाच आकडा १,६८,९६० होतो, तिथे मात्र फ्लोटमध्ये हा फेरा मारूच नये.

त्यामुळे माझं मत असं: कंट्रोल पॉइंट हीच मूळ नोंद ठेवा, फाइलमध्येही तेच लिहा, आणि घातरूप फक्त वेगाने बिंदू काढण्यापुरतं तयार करा. मूळ आकडे मोठे असतील तर कर्व्ह आधी P0 वर आणून ठेवा, हॉर्नर फरकांवर चालवा आणि P0 सर्वात शेवटी मिळवा. शेवटचा बिंदू मोजू नका, थेट P3 लिहा. शेजारच्या तुकड्याशी फट राहण्याचा प्रश्नच मिटतो.

मुळं काढताना आणखी एक गोष्ट सांभाळा. कर्व्ह प्रत्यक्षात क्वाड्रॅटिक आहे का, हे `a3 == 0` असं तपासतात आणि तिथे फसतात, कारण राउंडिंगमुळे a3 बहुतेकदा नेमका शून्य येत नाही. a3 ची तुलना या मर्यादेशी करा:

```
lim = eps * (|P0| + 3*|P1| + 3*|P2| + |P3|)
```

फ्लोटसाठी eps = 2⁻²⁴ धरा. वरच्या उदाहरणात ही मर्यादा सुमारे ०.४८ येते. म्हणजे पहिल्या पद्धतीने काढलेला ०.२५ हा खरा सहगुणक आहे की नुसता राउंडिंगचा गाळ, हे त्या आकड्याकडे पाहून सांगताच येत नाही. कर्व्ह P0 वर आणल्यावर हीच मर्यादा फरकांवर मोजली, तर ती १०⁻⁶ च्या आसपास उतरते आणि ०.३७५ खरा आहे हे लगेच कळतं.