ग्राहकाचे तुटक मेसेज: बोलणं संपलं हे कसं ओळखायचं?

प्रश्न: व्हॉट्सॲपवर ग्राहक एकच गोष्ट चार-पाच तुकड्यांत पाठवतात. मी पहिल्याला उत्तर देईपर्यंत पुढचा मेसेज वेगळंच काही सांगतो. किती वेळ थांबायचं, आणि त्यांचं बोलणं संपलं हे ओळखायचं कसं?

उत्तर: मी कृषी सेवा केंद्र चालवतो. शेतकऱ्यांचे मेसेज दिवसभर असेच येतात, त्यामुळे तिथलंच उदाहरण देतो. एका कांदा उत्पादकाचे हे मेसेज मिनिटभरात आले:

दादा
कांद्यावर काल मॅन्कोझेब मारलं
अर्ध्या रानात
रात्री पाऊस झाला
परत मारू का
का उरलेल्यातच मारू

दुसऱ्या ओळीवर थांबलात तर सगळ्या रानात मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची फवारणी झाली असं वाटतं. पाचव्या ओळीवर उत्तर दिलंत, तर "हो, मारा" एवढं वाचून माणूस पंप घेऊन निघतो. खरा प्रश्न सहाव्या ओळीत पूर्ण होतो: फवारलेल्या अर्ध्या रानात औषध पुन्हा लागेल, की ते राहू देऊन फक्त उरलेलं रान घ्यायचं?

आपल्या भाषेत हे जास्त होतं, कारण वाक्याचा निकाल शेवटी लागतो. क्रियापद शेवटी, "नाही" त्याच्याही मागे, आणि प्रश्नाचा "का" सगळ्यात शेवटी. "औषध मारलं" एवढं पाठवून माणूस पुढच्या ओळीत "नाही अजून" लिहितो, आणि अर्थ उलटतो. म्हणून मी घड्याळाआधी मेसेजचं शेपूट बघतो. शेवटचा शब्द "पण", "तर", "म्हणून", "आणि" असेल, किंवा "फवारून", "पाणी देऊन" अशा रूपावर ओळ तुटली असेल, तर पुढे काहीतरी येणारच. नुसतं "दादा" किंवा "एक विचारायचं होतं" आलं असेल तर मी फार तर "बोला" लिहितो आणि थांबतो. काहीच न विचारता फक्त परिस्थिती सांगितली असेल, तरीही थांबतो. कारण पाऊस झाला हे सांगायला कोणी दुकानदाराला मेसेज करत नाही.

वेळेचं म्हणाल तर क्रियापदासह प्रश्न पूर्ण झालेला दिसला की मी अर्धं-एक मिनिट जाऊ देतो. ओळ लोंबकळत असेल तर दोन-तीन मिनिटं. वर "टाइप करत आहे" दिसलं तर उत्तर पाठवायचं नाही, एवढं नक्की. पण ते दिसेनासं झालं म्हणजे बोलणं संपलं असं नाही. माणूस औषधाच्या डब्यावरचं नाव वाचायला उठलेला असतो, किंवा मुलाला विचारत असतो. माणसागणिक सवयही वेगळी असते. काहीजण प्रत्येक दोन शब्दांनंतर पाठवतात. त्यांचं जुनं चॅट वर सरकवून पाहिलं की ते साधारण किती ओळींत थांबतात ते कळतं.

मग सगळ्या ओळी वरून खाली एकदा मनात जोडून वाचायच्या आणि जोडलेलं वाक्यच उत्तरात परत द्यायचं. वरच्या शेतकऱ्याला मी लिहिलं: "म्हणजे काका, काल अर्ध्या रानात मारलं आणि रात्री पाऊस झाला, बरोबर? फवारणी संपल्यापासून पाऊस यायला किती तास गेले? पाऊस जोराचा होता का?" मॅन्कोझेब पानाच्या वरच राहतं, आत शोषलं जात नाही. ते नीट वाळायच्या आत जोराचा पाऊस झाला तर धुऊन जातं. वाळल्यावर हलकी सर आली तर बरंचसं टिकतं. ही माहिती मिळाल्याशिवाय सहापैकी कुठल्याच ओळीला उत्तर देता येत नव्हतं. ते म्हणाले, दुपारी मारलं, पाऊस मध्यरात्री आणि तोही भुरभुर. मग उरलेल्या अर्ध्यातच मारा, पण पान कोरडं झाल्यावर, असं सांगितलं.

सगळे तुकडे एकाच विचाराचे असतात असंही नाही. "बरं अजून एक", "आणि ते बिलाचं" असे शब्द आले की तिथे नवं बोलणं सुरू झालं. अशा वेळी ज्या मेसेजला उत्तर द्यायचंय तो उजवीकडे सरकवून त्याखालीच उत्तर लिहा, नाहीतर बिलाचं "हो" फवारणीला चिकटतं. दोन वेळा विचारूनही तुकडे जुळत नसतील तर सरळ फोन लावा.

एका बाबतीत मात्र मी अजिबात थांबत नाही. "फवारताना चक्कर", "उलटी", "डोळ्यात गेलं" यातला एक शब्द दिसला की वाक्य अर्धं असलं तरी लगेच फोन करतो: फवारणी थांबवा, अंगावरचे कपडे काढा, साबणाने धुवा, डोळ्यात गेलं असेल तर स्वच्छ पाण्याने धूत राहा, १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा दवाखान्यात सोबत न्या. बाकीचे मेसेज मी नंतर वाचतो.