पू जाणारी गाय: औषधाचा खर्च दुधात मोजा

प्रश्न: गाय व्यायला 30 दिवस झाले. तेव्हा वार अडकली होती. आता शेपटीला पांढरा पू लागलेला दिसतो. ताप नाही, चारा खाते, 14 लिटर दूध देते. इंजेक्शन, गर्भाशयात औषध की गाय विकून टाकू?

उत्तर: विकू नका. ती ऐन दुधात आहे आणि एंडोमेट्रायटिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराची सूज असेल तर तो आजार साधारण दूध आटवत नाही, गाभण राहणं लांबवतो. तुमचं खरं नुकसान तिथे आहे.

समजा दोन माज वाया गेले, म्हणजे 42 दिवस. तेवढे दिवस गाय वेताच्या शेवटी 6 लिटरवर राहील. वेळेवर व्याली असती तर 14 लिटर दिले असते. फरक 336 लिटरचा. त्यातलं निम्मं जादा खुराकात गेलं असं धरलं, तरी 168 लिटर उरतात. उपचार आणि डॉक्टरांची फी मिळून 40 लिटर दुधाएवढी होत असेल, तर उपचाराने चारपैकी एका गायीचा हा उशीर टळला तरी खर्च निघतो.

पण औषधामुळे 5 दिवस दूध विकता येत नसेल, तर आणखी 70 लिटर गेले. खर्च 110 लिटर, आणि आता तीनपैकी दोन गायींचा उशीर टळायला हवा. म्हणून औषधाच्या किमतीआधी दूध किती दिवस टाकावं लागेल, हे विचारा.

आधी निदानावर खर्च करा. नुसत्या गुदमार्गाच्या तपासणीवर थांबू नका. स्वच्छ हातमोजा घालून योनीतला स्राव बाहेर काढून पाहायला सांगा. काचेसारखी सोट असेल तर तो माज आहे, उपचार नको. निम्मा किंवा त्याहून जास्त पू असेल तर एंडोमेट्रायटिस धरतात. पहिल्या तीन आठवड्यांतला लालसर, दुर्गंधीचा पातळ स्राव आणि ताप हा वेगळा, तातडीचा आजार आहे. तिथे हे गणित मांडत बसू नये.

अंडाशयावर माजानंतर तयार होणारा पीतपिंड सापडला तर प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन योग्य. गाय माजावर येते, गर्भाशयाचं तोंड उघडतं, पू बाहेर पडतो. पीतपिंड नसेल तर ते पैसे बहुधा वाया जातात. मग गर्भाशयात सोडायचं सेफापिरिन हे प्रतिजैविक निवडा. (प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन गरोदर बाईने किंवा दमेकऱ्याने हाताळू नये.) आयोडीनची पिचकारी स्वस्त दिसते, पण आतलं अस्तर भाजू शकते.

दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा. सोट स्वच्छ दिसल्याशिवाय रेतनावर खर्च करू नका. विक्रीचा विचार तीन रेतनं फुकट गेल्यावर करा.