लंडनचा भाव कसा ठरतो

भाऊ, जालन्याच्या सराफ्यात बसून स्क्रीनवरचा हलता भाव बघणं वेगळं आणि लंडनचा सोन्याचा लिलावभाव बघणं वेगळं. हा लिलाव तिथल्या वेळेनं सकाळी साडेदहाला आणि दुपारी तीनला होतो. आपल्याकडं उन्हाळ्यात दुपारी तीन आणि संध्याकाळी साडेसात. हिवाळ्यात एक तास पुढं. नवखे इथंच चुकतात.

समजा, सुरुवातीचा भाव औंसाला ४००० डॉलर निघाला. तीस सेकंदांत बँका आणि मोठे व्यापारी आपापलं वजन टाकतात: खरेदी ६०,००० औंस, विक्री ४५,०००. फरक १५,०००, चालणारी मर्यादा साधारण १०,०००. म्हणून भाव वर नेऊन पुन्हा फेरी. ४००२ ला खरेदी ५४,०००, विक्री ४८,००० झाली की भाव पक्का, उरलेले ६,००० औंस सहभागी आपसांत वाटून घेतात.

एकाच भावात मोठं वजन हलतं, म्हणून घाऊक करार याच आकड्यावर लिहितात. करारात सकाळचा भाव धरलाय की दुपारचा, ते आधी वाच. मधल्या वेळेत बाजार पलटला तर फरक तुझ्या अंगावर.

अन् हा आकडा डॉलरमधला. आयात शुल्क त्यात नाही. एक औंस म्हणजे ३१.१०३५ ग्रॅम, २८.३५ धरलास तर हिशेब पार बिघडला.